इंटर्नशिप संपत आली, कायम नोंदणी बाकी : आयसीयूतल्या निवासी डॉक्टरच्या पदासाठीचा एक अर्ज

हे नमुना प्रकरण आहे. व्यक्ती आणि रुग्णालय काल्पनिक आहेत, पण यातली प्रत्येक अडचण महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांच्या भरतीत नेहमी दिसणारी आहे.

अर्जदार डॉक्टर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या. सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते आणि ती टाळली तर एमबीबीएससाठी १० लाख रुपये भरावे लागतात. तो प्रश्न त्यांना नव्हता. ज्यांना असतो त्यांनी तो अर्जातच सांगावा, कारण मनुष्यबळ विभाग तो विचारतोच. रुग्णालय पुण्यातलं, दीडशे खाटांचं, त्यात अठरा खाटांचा आयसीयू. जागा आयसीयूतल्या निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याची, म्हणजे सगळे ज्याला आरएमओ म्हणतात त्याची. पाळी बारा तासांची. रात्री हजर असणारी वरिष्ठ व्यक्ती म्हणजे एक रजिस्ट्रार, आणि तोही आयसीयू व कॅज्युअल्टी मिळून एकच.

२० मार्चला पाठवलेल्या बायोडेटातल्या तीन ओळी अशा होत्या :

"महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणीकृत. इंटर्नशिप ३१ मार्चला पूर्ण. १ एप्रिलपासून रुजू होऊ शकते."
"आयसीयू आणि तातडीच्या विभागाचा सहा महिन्यांचा अनुभव."
"रस : भूलशास्त्र, क्रिटिकल केअर, हृदयरोग, रेडिओलॉजी."

यातली एकही ओळ फसवण्याच्या हेतूने लिहिली नव्हती, पण तिन्ही ओळींवर अर्ज अडला.

नोंदणी : क्रमांकच बोलतो

अंतिम वर्ष उत्तीर्ण झाल्यावर इंटर्नशिप करण्यासाठी परिषद जी नोंदणी देते ती तात्पुरती. तिच्या जोरावर इंटर्नने आपल्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि त्याच्याशी जोडलेल्या ग्रामीण व नागरी आरोग्य केंद्रांत, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं असतं. दुसऱ्या रुग्णालयात पगारी डॉक्टर म्हणून उभं राहायला ती चालत नाही. त्यासाठी कायम नोंदणी लागते, आणि ती इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय मागताच येत नाही. इंटर्न आपापसांत दोन्हींना "एमएमसी झाली" असंच म्हणतात. बायोडेटात तेच उतरतं.

रुग्णालयाच्या लक्षात ते क्रमांक पाहताच आलं. परिषदेचे अलीकडचे कायम नोंदणी क्रमांक वर्ष, महिना आणि मग अनुक्रमांक अशा धाटणीचे असतात. अर्जातला क्रमांक तसा नव्हता, आणि परिषदेच्या नोंदवहीत कायम नोंदणी झालेल्यांमध्ये नावही सापडलं नाही. या धाटणीचा आणखी एक परिणाम अर्जदारांच्या ध्यानात येत नाही. नोंदणी कोणत्या महिन्यातली हे क्रमांकावरच दिसतं. त्यामुळे पुढे कधी "वैद्यकीय अधिकारी म्हणून अनुभव" त्या महिन्याच्या आधीपासून मोजला, तर कुणालाही न विचारता ती तफावत पकडता येते.

दुसरी गोष्ट तारखेची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपच्या पूर्ण वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रजा मिळते. त्यापुढचा प्रत्येक दिवस नंतर भरून द्यावा लागतो. या अर्जदारांना जनरल मेडिसिनच्या नेमणुकीत कावीळ झाली होती आणि एकूण गैरहजेरी २६ दिवसांची होती. म्हणजे ११ दिवस वाढले आणि इंटर्नशिप ३१ मार्चला न संपता ११ एप्रिलला संपणार होती. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. "विभागात सांभाळून घेतील" असं गृहीत धरून त्यांनी मूळ तारीख लिहिली. विभाग कधी सांभाळून घेतोही, पण प्रमाणपत्रावर अधिष्ठात्यांची सही हजेरीपत्रकं पाहून होते, आणि हजेरीपत्रक प्रत्येक विभागाचं वेगळं असतं.

प्रत्यक्षात काय झालं ते तारखांनिशी पाहू. ११ एप्रिलला काम संपलं. ग्रामीण केंद्राकडून ना-देय दाखला यायला चार दिवस गेले. प्रमाणपत्रावर १७ तारखेला सही झाली. १८ला परिषदेच्या संकेतस्थळावर कायम नोंदणीचा अर्ज भरला : तात्पुरत्या नोंदणीचं प्रमाणपत्र, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, विद्यापीठाचं तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो आणि शुल्क. दोन दिवसांनी त्रुटी निघाली. दहावीपासूनच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव होतं. आधारवर नाव आधी, आणि वडिलांच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर. महाराष्ट्रात हा घोळ इतका सर्रास आहे की इंटर्नशिपच्या शेवटच्या दोन महिन्यांतच आधार आणि गुणपत्रिका शेजारी ठेवून पाहावं. आधार दुरुस्तीला लागणारा वेळ तेव्हा फुकट जात नाही. २९ एप्रिलला कायम क्रमांक मिळाला.

मधल्या अठरा दिवसांसाठी रुग्णालयातल्याच एका तरुण रजिस्ट्रारने सुचवलं की तोवर "निरीक्षक म्हणून" यावं, कागदपत्रं आली की पत्र देऊ. वैद्यकीय अधीक्षकांनी ते मान्य केलं नाही, आणि इथे ते बरोबर होते. रात्री दोन वाजता अठरा खाटांच्या आयसीयूत एप्रन घातलेल्या माणसाला निरीक्षक म्हणून कोणी वागवत नाही. सिस्टर औषधाच्या कागदावर सही मागणार, नातेवाईक प्रकृती विचारणार, मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ पुढे येणार. नोंदणी नसलेल्याने त्यावर सही केली तर दाखलाच वादात सापडतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ प्रमाणे नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय व्यावसायिक दायित्व विमा नोंदणीकृत डॉक्टरच्या कामासाठी असतो, त्यामुळे त्या अठरा दिवसांत काही बिघडलं असतं तर विमा कंपनीने हात वर केले असते. आणि ज्याने "ये गं, काही होत नाही" म्हटलं, तो चौकशीत साक्षीदार असतो, आरोपी नव्हे.

सुधारलेल्या अर्जात ही ओळ अशी झाली : "सध्या तात्पुरती नोंदणी. इंटर्नशिप ११ एप्रिलला पूर्ण होईल, वाढीव ११ दिवस आजारपणामुळे. कायम नोंदणीचा क्रमांक मिळाल्यानंतर तीन दिवसांत रुजू होऊ शकते." रुग्णालयाला उशिराची अडचण नसते. ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी लागतो, त्यामुळे त्यांना खरी तारीख हवी असते.

इंटर्नशिपच्या नेमणुका : सहा महिने कुठून आले?

मुलाखतीत पहिला प्रश्न हाच आला. नियमांप्रमाणे इंटर्नचं वर्ष ठरलेलं असतं. सामुदायिक वैद्यकशास्त्राचे १२ आठवडे, स्त्रीरोग व प्रसूतीचे ७, मेडिसिनचे ६, सर्जरीचे ६, बालरोगाचे ३. भूलशास्त्र व क्रिटिकल केअर यांचे मिळून २, तातडीच्या विभागाचे २, आणि मग अस्थिरोग, डोळे, कान-नाक-घसा, मानसोपचार असे लहान तुकडे आणि ऐच्छिक नेमणुका. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने हे वर्ष स्वतः काढलेलं असतं. आयसीयू आणि तातडीचा विभाग मिळून कितीही ताणलं तरी सहा महिने होत नाहीत. अर्जदारांनी मेडिसिन, सर्जरी, बालरोग, भूल, कॅज्युअल्टी आणि श्वसनविकारांची दोन आठवड्यांची ऐच्छिक नेमणूक यांची बेरीज केली होती, कारण त्या सगळ्या विभागांत कधी ना कधी आयसीयूत ड्युटी लागली होती. बेरीज पाच महिन्यांच्याही आत येते. ती वर ओढून सहा झाली.

खरं तर आठवड्यांचा आकडा कुणाला फारसा नकोच असतो. मेडिसिनच्या सहा आठवड्यांत एखादा इंटर्न पन्नास एबीजी घेतो आणि दुसरा पन्नास वेळा नमुने घेऊन प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढतो. दोघांच्या प्रमाणपत्रावर तेच सहा आठवडे. म्हणून जाणते परीक्षक लॉगबुक मागतात, आणि त्यातही आधी सह्या पाहतात. सगळ्या नोंदींवर एकाच पेनाने एकाच दिवशी सही झालेली असेल तर ते पुस्तक महिनाअखेरीस बसून भरलेलं आहे हे सांगावं लागत नाही. यात दोष बहुधा इंटर्नचा नसतो, सहीसाठी वरिष्ठ सापडत नाहीत हेच खरं. पण मग लॉगबुकाला वजन राहत नाही, आणि तोंडी सांगावं लागतं.

अर्जदारांचं लॉगबुक मिश्र होतं. मेडिसिनचा भाग रोजच्या रोज भरलेला, भूलशास्त्राचा एका बैठकीतला. त्यांच्याकडून अधीक्षकांनी एक साधा तक्ता तोंडी काढून घेतला : काय नुसतं पाहिलं, कशात मदत केली, काय देखरेखीखाली केलं, काय एकटीने केलं.

एबीजीसाठी मनगटाच्या धमनीतून रक्त घेणं : २२ वेळा, शेवटचे साधारण पंधरा एकटीने. मूत्रनलिका टाकणं तीसच्या आसपास, राइल्स ट्यूब १८, दोन्ही एकटीने. श्वासनलिकेत नळी टाकण्याचे प्रयत्न ९, यश ५, सगळे भूलतज्ज्ञ शेजारी असताना आणि सगळे ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे उपाशीपोटी असलेल्या, नीट झोपवलेल्या रुग्णांवर. आयसीयूत धाप लागलेल्या रुग्णावर एकदाही नाही. सेंट्रल लाइन तीनदा पाहिली, दोनदा मदत केली, टाकली एकदाही नाही.

हा तक्ता "सहा महिन्यांच्या अनुभवा"पेक्षा लहान दिसतो, पण याच्यावरून ड्युटी लावता येते. नऊ प्रयत्नांत पाच यश हा इंटर्नसाठी वाईट आकडा नाही. ज्या अर्जात "इंट्युबेशन येतं" एवढंच असतं, तो अर्जदार रात्री एकटा नळी टाकायला जाईल की रजिस्ट्रारला उठवेल, हे कळत नाही. रुग्णालयाला त्याचीच धास्ती असते.

सामुदायिक वैद्यकशास्त्राचे बारा आठवडे त्यांनी बायोडेटात एका शब्दात उरकले होते. आयसीयूच्या जागेसाठी ग्रामीण केंद्र काय सांगायचं, असं त्यांना वाटलं. मुलाखतीत ते सहज निघालं : केंद्रावर साप चावलेले दोन रुग्ण आले होते आणि वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या गावी शिबिरात होते. फोनवर त्यांच्याशी बोलत या डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवलं नाही, नंतर तिरपं करून ते गोठलं नसल्याचं पाहिलं, प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमध्ये सुरू केल्या आणि ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलं. तिसऱ्या कुपीपाशी एकाच्या अंगावर गांधी उठल्या, तेव्हा प्रतिविष थांबवून ॲड्रेनलिन मांडीच्या स्नायूत दिलं, आणि रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा हळूहळू सुरू केलं. समितीतल्या फिजिशियननी पेन खाली ठेवून हे ऐकलं. त्यांना आयसीयूसाठी हवा असलेला पुरावा याच बारा आठवड्यांत होता, थिएटरमधल्या पाच नळ्यांत नव्हता. विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात काम करतानाच रुजवला. तरी इंटर्न मंडळी ग्रामीण नेमणूक अजून सुट्टीसारखी मोजतात.

मग एक प्रसंग विचारला गेला. डायलिसिसवरचा रुग्ण, दोन पाळ्या चुकलेला, पोटॅशियम ७.१, ईसीजीत टी लाटा उंच आणि क्यूआरएस रुंद.

"डॉक्टर, तुम्ही आधी काय द्याल?"

"सर, इन्सुलिन-ग्लुकोज."

"त्याला काम करायला किती वेळ लागतो?"

त्या थांबल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "पंधरा ते तीस मिनिटं. म्हणजे आधी कॅल्शियम."

हे थांबून सुधारणं समितीने चांगलं मानलं. कॅल्शियम ग्लुकोनेट दहा टक्के, दहा मिलिलिटर, मॉनिटर पाहत दोन ते पाच मिनिटांत. परिणाम एक ते तीन मिनिटांत सुरू होतो. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदयाच्या पेशींचा पडदा स्थिर राहतो, आणि ईसीजी तसाच राहिला तर पुन्हा द्यावं लागतं. मग दहा युनिट साधं इन्सुलिन आणि पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजचे शंभर मिलिलिटर. पुढचे काही तास दर तासाला साखर, कारण मूत्रपिंड बंद असलेल्या रुग्णात इन्सुलिन रेंगाळतं आणि पहाटे साखर कोसळते. पण उत्तराचा खरा भाग शेवटी आला : "कॅल्शियम देतानाच सिस्टरना नेफ्रॉलॉजिस्टना फोन लावायला सांगेन, डायलिसिसची सोय व्हायला वेळ लागतो." फोन कधी करायचा हे ज्याला कळतं, त्याला रात्रपाळीत ठेवता येतं.

विषयाची आवड : चार नावं म्हणजे एकही नाही

चार विषयांची यादी वाचणाऱ्याला एवढंच सांगते की अर्जदाराने प्रत्येक मुलाखतकाराला खूश ठेवायचं ठरवलं आहे. हृदयरोग तर एमडी मेडिसिननंतरचा विषय. तो रेडिओलॉजीच्या शेजारी लिहिला की पुढच्या वाटेची कल्पना नाही असं दिसतं.

रुग्णालयाला आवड विचारायचं कारण वेगळं आहे. निवासी डॉक्टर बहुतेक नीट पीजीच्या तयारीत असतात आणि परीक्षेच्या दोन महिने आधी निघून जातात. कुणालाही त्याचा राग नसतो. मधेच, पत्र न देता जाण्याचा असतो. खासगी रुग्णालयातल्या या नोकरीचे नीट पीजीत गुण मिळत नाहीत, आणि रुग्णालयात डीएनबीच्या जागा असल्या तरी त्या नीट पीजीच्या गुणांवर आणि समुपदेशनातूनच भरतात. "इथे एक वर्ष काढा, मग डीएनबीचं बघू" असं कुणी म्हटलं तर ते वाक्य कागदावर कधीच येणार नाही, एवढं लक्षात ठेवावं.

अर्जदारांनी शेवटी लिहिलं ते असं : "पहिली पसंती भूलशास्त्र, दुसरी मेडिसिन. पुढच्या नीट पीजीला बसणार आहे. किमान आठ महिने काम करीन, परीक्षेआधी सहा आठवडे सुट्टी किंवा नोकरी सोडण्याची मुभा हवी." भूलशास्त्राची आवड आता लॉगबुकातल्या नऊ प्रयत्नांशी जुळली, आणि आयसीयूची जागा त्या वाटेवरची ठरली. तिन्ही ओळी एकमेकींना पुष्टी देऊ लागल्या. त्यांना बीएलएस आणि एसीएलएसच्या वैधतेबद्दलही विचारलं गेलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षांचं असतं, आणि त्यांचं एसीएलएस एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात असताना केलेलं, म्हणजे संपलेलं होतं. नव्याने करून घ्या, खर्च रुग्णालय देईल, असं ठरलं.

नेमणूकपत्रात काय बदललं

मसुद्यातल्या दोन अटींवर अर्जदारांनी बोट ठेवलं. पहिली, मूळ प्रमाणपत्रं नोकरी संपेपर्यंत रुग्णालयाकडे ठेवण्याची. मूळ कागद दाखवून, पडताळणीनंतर त्याच दिवशी परत घ्यायचे आणि साक्षांकित प्रती द्यायच्या, असं बदललं. समुपदेशनाच्या वेळी मूळ कागद लागतात, आणि तेव्हा ते दुसऱ्याच्या कपाटात असणं परवडत नाही. दुसरी, राजीनाम्याची मुदत तीन महिने. नीट पीजीचा निकाल आणि प्रवेशाच्या फेऱ्या इतका वेळ देत नाहीत. ती एक महिन्यावर आली. दायित्व विम्याच्या रकान्यात "रुग्णालयाच्या पॉलिसीत समाविष्ट" असं होतं. त्यांनी पॉलिसीत निवासी डॉक्टरांचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहिलं, आहे. तरी स्वतःची वेगळी पॉलिसीही घेतली, कारण रुग्णालयाची पॉलिसी आधी रुग्णालयाला वाचवते.

नेमणूकपत्रासोबत एक परिशिष्ट जोडलं गेलं, कोणती कामं एकटीने करायची आणि कोणती नाही याचं. एबीजी, मूत्रनलिका, राइल्स ट्यूब, शिरेतली सुई, ईसीजी वाचणं : स्वतंत्रपणे. नळी टाकणं : फक्त रजिस्ट्रार किंवा भूलतज्ज्ञ खाटेशी असताना, पहिल्या दहा नोंदींवर त्याच पाळीत सही, महिनाअखेरीस नव्हे. सेंट्रल लाइन : पहिल्या तीन महिन्यांत फक्त मदत. मृत्यूचं कारण लिहिताना पहिले पंधरा दिवस रजिस्ट्रारला विचारून. नॉरॲड्रेनलिन सुरू करणं : सुरू करता येईल, पण दहा मिनिटांच्या आत सल्लागारांना फोन, आणि फोनची वेळ केस पेपरवर. ४ मेपासून त्या रुजू झाल्या, आणि हे परिशिष्ट ४ ऑगस्टला पुन्हा पाहायचं, असं त्याच कागदावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या.